एकच गादी, तीन तऱ्हा

गेल्या श्रावणात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन रिपोर्ट आले. पहिला माझ्या आईचा. तिचे वय बाहत्तर, उजवा गुडघा चारपाच वर्षे कुरकुरतो आहे. डॉक्टरांनी तिला उभी करून एक्स-रे काढला आणि सांगितले, "आजी, गुडघ्यातली गादी झिजली आहे." दुसरा रिपोर्ट माझ्या भाच्याचा. एकोणीस वर्षांचा पोरगा, कबड्डी खेळताना पाय रोवून वळला आणि गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजले. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला आणि पाय पुरता सरळ होईना. त्याचा एम.आर.आय. झाला. डॉक्टर म्हणाले, "गादी फाटली आहे, दुर्बिणीतून शिवून टाकू." आणि खरेच शिवली.

रात्री जेवताना माझ्या बायकोने प्रश्न टाकला. ती गोकाककडची, माहेरी कन्नड, पण बोलण्यात आम्हां सर्वांपेक्षा रोखठोक. म्हणाली, "पोराची गादी शिवता येते, मग अत्तेंची का नाही शिवत?"

कोणाजवळ उत्तर नव्हते. त्यात आईच्या पाठीचीही एक गादी दहा वर्षांपूर्वी सरकलेली. म्हणजे गादी सरकते, गादी फाटते आणि गादी झिजते. तिन्ही वेळा शब्द तोच. शेजारच्या गौरक्कांनी त्यात कन्नड भर घातली, "मणकालु सवदैत्री." गुडघा झिजलाय हो. काय झिजले, हे तिथेही गुलदस्त्यातच.

हा प्रश्न मी सोडून दिला असता, पण मध्ये एक जाहिरात आली. एका मोठ्या शहरातल्या केंद्राचे पत्रक कोणीतरी आईच्या हातात दिले. इंजेक्शनने झिजलेली गादी पुन्हा वाढवून देऊ, असे त्यात छापले होते. फोन केला तर त्यांनी दोन्ही गुडघ्यांचे मिळून सव्वादोन लाख सांगितले. आईने कपाटातून आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "ह्या मोडा," म्हणाली. तेव्हा मात्र मला ही गादी म्हणजे नेमके काय, हे कळून घेणे भाग पडले.

मी शिकवतो मराठी. शास्त्र माझे नव्हे. पण आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक सहकारी आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत मी मधल्या सुटीत जाऊन बसलो. त्यांनी ऐकून घेतले आणि कपाटातून काचपट्ट्यांची लाकडी पेटी काढली. "सर, तुमच्या घरातल्या गाद्या दोन जातींच्या आहेत," ते म्हणाले. "तिसरी जात तुमच्या कानात आहे. तिन्ही बघा, मग बोलू."

आधी नावाचे सांगतो. मटण खाणाऱ्या घरात हाडाच्या टोकाचा जो पांढुरका, चावता येण्याजोगा भाग पोरे भांडून घेतात, ती ही वस्तू. मराठी पुस्तकांत तिला कुठे कूर्चा म्हणतात, कुठे कास्थी. माझ्या मुलीच्या कन्नड पुस्तकात मृद्वस्थि असा शब्द आहे, आणि खरे सांगायचे तर मला तोच अधिक आवडला. मऊ हाड. अर्थ लगेच डोक्यात शिरतो. पण लेखात मी कूर्चाच म्हणेन, आपल्याकडचे डॉक्टरही तोच शब्द वापरतात.

कूर्चा कुठलीही असो, तिच्यात राहणारी पेशी एकाच कुळातली. ती आपल्याभोवती एक घट्ट द्रव्य तयार करते आणि त्यात स्वतःलाच कोंडून घेते. सूक्ष्मदर्शकातून ती एका छोट्या पोकळीत, जणू कोनाड्यात बसलेली दिसते. ह्या वस्तीत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. अन्न बाहेरून झिरपत येईल तेवढेच. म्हणून ही पेशी कमी खाते, हळू काम करते आणि सहसा जागची हलत नाही. तीन जातींत फरक पडतो तो मुख्यतः पेशीच्या भोवतालच्या द्रव्यात. ते काय काय घालून केलेले आहे आणि त्यात पेशी कशा मांडलेल्या आहेत, यावरून जात ओळखायची.

पहिली पट्टी श्वासनलिकेची. निळसर जांभळा, एकसारखा, गुळगुळीत पट्टा दिसला, त्यात दोन-दोन, चार-चार पेशींचे पुंजके. एकाच पेशीपासून फुटलेली भावंडे शेजारी-शेजारी राहिलेली. कडेला पेशी चपट्या होत गेलेल्या, मध्ये गोलसर. मी विचारले, "पेशींच्या मध्ये काहीच नाही का?" सर हसले. "भरपूर आहे. फक्त दिसत नाही."

ही काचाभ कूर्चा, इंग्रजीत हायलाइन. ग्रीक भाषेत काचेला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. हिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे अतिशय बारीक धागे असतात. कोलॅजनच्या अनेक जाती आहेत, त्यांतली ही क्रमांक २ ची. हे धागे इतके बारीक आणि प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत भोवतालच्या द्रव्याशी इतके सारखे, की साध्या सूक्ष्मदर्शकात ते त्यात लपून जातात. पाण्यात काच बुडवली की सहज दिसत नाही, तसे.

त्या जाळ्यात अडकलेले असतात मोठाले रेणू. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मध्ये दांडी, भोवती उभे केस. ह्या प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, केस ताठ उभे राहतात आणि पाणी खेचून धरतात. ह्या कूर्चेच्या वजनात साधारण ६५ ते ८० टक्के पाणीच असते. म्हणजे आत फुगू पाहणारे ब्रश आणि बाहेरून त्यांना आवळून धरणारे धाग्यांचे जाळे. पाण्याने गच्च भरलेली पखाल दाबून पाहिली तर जसा प्रतिकार हाताला लागतो, तसा आपल्या गुडघ्यात प्रत्येक पावलाला निर्माण होतो. दाब आला की थोडे पाणी बाहेर झिरपते, दाब गेला की परत आत येते. पेशीचे जेवणखाणही ह्याच पाण्याबरोबर.

हीच कूर्चा नाकात आहे, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना आहे, गळ्याच्या घाटीत आहे. आणि सांध्यात जिथे हाडावर हाड फिरते तिथे दोन्ही हाडांच्या तोंडांवर तिचाच लेप आहे. गुडघ्यात त्याची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. आईची झिजली ती ही.

सांध्यातल्या लेपाची मांडणी मात्र श्वासनलिकेहून वेगळी, हे सरांनी कागदावर काढून दाखवले. अगदी वरच्या थरात चपट्या पेशी आडव्या निजलेल्या आणि धागेही पृष्ठभागाला समांतर, म्हणजे घसरताना ओरखडा उठू नये. मध्ये पेशी गोल आणि विखुरलेल्या. खाली हाडाजवळ त्या एकीवर एक अशा खांबांत रचलेल्या आणि धागे उभे, हाडात रोवलेले. आणखी एक महत्त्वाचा फरक म्हणजे श्वासनलिकेच्या कूर्चेवर एक जिवंत पातळ आवरण असते, त्यात रक्त फिरते आणि गरज पडली तर तिथून नव्या पेशी येतात. सांध्याच्या लेपावर ते आवरण नाही. ते असते तर प्रत्येक पावलाला चिरडले गेले असते.

ह्या आवरणाची किंमत दुसऱ्या पट्टीत कळली. ती कानाच्या पाळीच्या वरच्या भागाची. खास रंग दिल्यामुळे त्यात काळ्या धाग्यांची दाट गुंतवळ दिसत होती. पेशी मोठ्या, जवळ-जवळ, बहुतेक एकट्या-दुकट्या, आणि त्यांच्यामधले द्रव्य कमी. ही लवचिक कूर्चा. मूळ सामान काचाभ कूर्चेचेच, क्रमांक २ चे कोलॅजनही तेच, पण त्यात इलॅस्टिन नावाच्या रबरासारख्या धाग्यांची भर. आपला कान दुमडून सोडून बघा. झटकन पूर्वीसारखा होतो, तो त्या काळ्या धाग्यांमुळे. घास गिळताना श्वासाच्या वाटेवर पडणारे जिभेमागचे झाकण आणि कानापासून घशापर्यंत जाणाऱ्या नळीचा काही भागही ह्याच कूर्चेचा. काचाभ कूर्चा वयाबरोबर बरेच ठिकाणी चुना धरते, ही धरत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा कानही दुमडला तर मोडत नाही.

आपल्या भागात ह्या कूर्चेचे दोन धडे डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे बुगडी. मराठी घरांत बुगडी, कन्नड घरांत बुगुडी, आणि भोक दोन्हींकडे कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे थेट कूर्चेतून. खालच्या मऊ पाळीत कूर्चा नाही, नुसती चरबी आणि कातडी, रक्तपुरवठा चांगला. म्हणून तिथले भोक लवकर भरून येते. वरचे महिनोन्‌महिने ओले राहू शकते, आणि तिथे जंतू शिरले तर औषधही सहज पोचत नाही, कारण कूर्चेत रक्तच नाही. ओळखायची खूण अशी, की वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि खालची मऊ पाळी मात्र जशीच्या तशी. असे दिसले तर हळद लावून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. उशीर झाला तर कूर्चा विरघळते आणि कान आकसतो. माझ्या मुलीने वरचा कान टोचायचा हट्ट धरला आहे. निदान तो बंदुकीने टोचायचा नाही, एवढे मी ह्या पट्टीवरून ठरवले. बंदुकीच्या दणक्याने कूर्चा तडकते.

दुसरा धडा पैलवानांचा. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कुठल्याही तालमीत जा, चुरगळलेले जाड कान दिसतील. कुस्तीत कान घासला, दाबला गेला की आवरण कूर्चेपासून सुटते आणि मध्ये रक्त साचते. कूर्चेचे अन्न त्या आवरणातूनच येते, ते तुटले की खालची कूर्चा उपाशी मरते. तोवर सुटलेले आवरण आपले काम करतच राहते आणि साचलेल्या रक्ताच्या जागी वेडीवाकडी, दोऱ्यादोऱ्यांची नवी भर घालते. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांनी ते रक्त काढून वर घट्ट दाब बांधला तर कान वाचतो. तालमीत त्या कानाचा अभिमान असतो, ती गोष्ट वेगळी. पण मला त्यात आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले. आवरण होते म्हणून भर तरी पडली. आणि पडली ती मूळच्या जातीची नव्हे.

तिसरी पट्टी मणक्यांमधल्या चकतीची. ही पाहताना आधी वाटले, सरांनी चुकून दुसरीच पट्टी ठेवली. निळसर काच कुठेच नाही. सगळे गुलाबी, जाड दोरखंडांसारखे पट्टे, एका थरात एका दिशेने, पुढच्यात दुसऱ्या. त्या दोरखंडांच्या मधल्या फटीत पेशी एका रांगेत बसलेल्या, शेंगेतल्या दाण्यांसारख्या. ही तंतुमय कूर्चा. इथले कोलॅजन मुख्यतः क्रमांक १ चे, म्हणजे कातडीत, हाडात आणि स्नायूंच्या दोरांत असते तेच. पाणी धरणारे ब्रश थोडेच. वरचे आवरण हिलाही नाही. ती निम्मी कूर्चा आणि निम्मी दोर आहे असे म्हटले तरी चालेल. दाब सोसते, पण तिची खरी ताकद ओढ सोसण्यात.

मणक्यांमधल्या चकतीची बाहेरची कडी हिची, आणि आतला गर जेलीसारखा. कडी फाटून गर बाहेर डोकावला की आपण गादी सरकली म्हणतो. आईचे दहा वर्षांपूर्वी तेच झाले होते. गुडघ्यातही दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन पाचरी असतात, बाहेरच्या कडेला जाड, आतल्या कडेला पातळ. त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्याही तंतुमय कूर्चेच्या. वरून वजन आले की पाचर बाहेर सरकू पाहते, आणि तिच्या परिघाने गेलेले दोरखंड तिला सरकू देत नाहीत. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव जशी आऱ्यांना बाहेर पसरू देत नाही, तसे. माझ्या भाच्याचे फाटले ते हे.

आता बायकोच्या प्रश्नाकडे येऊ. पोराची शिवता आली याला दोन कारणे. एक तर तिथे टाका धरायला दोर होते. फाट त्या परिघाच्या दोरखंडांना समांतर, लांबट गेलेली होती, दोन कडा जवळ आणून टाके घातले की धरतात. दुसरे कारण नशिबाचे. मेनिस्कसच्या बाहेरच्या कडेला, साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत, रक्तवाहिन्या पोचतात. आतल्या भागात नाहीत. भाच्याची फाट बाहेरच्या कडेला होती. तीच आतल्या पातळ कडेला असती तर टाके घालून बहुधा उपयोग झाला नसता, आणि लोंबणारा तुकडा तेवढा कापून काढावा लागला असता. पूर्वी तर फाटलेला मेनिस्कस सरसकट काढून टाकत. १९४८ साली फेअरबँक नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने तो काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून त्यांत कसे बदल होत जातात ते दाखवले. धाव काढली की सगळा भार काचेच्या लेपावर, थोड्या जागेत. म्हणजे आजच्या पोराची फाटलेली गादी कापून टाकली तर पुढे तो आईच्याच रांगेत येण्याचा धोका. म्हणून आता डॉक्टर शक्य तेवढे शिवतात, वाचवतात.

आईच्या गुडघ्यात शिवायला काही नाही. दोनतीन मिलिमीटर काच घासून पातळ झाली, तिला कडाच नाहीत. रक्त नाही, आवरण नाही, पेशी आपापल्या कोनाड्यात कोंडलेल्या. ही काही आजची बातमी नव्हे. १७४३ साली विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्याच्या कूर्चेवर निबंध वाचला, त्यात एकदा नष्ट झालेली ही कूर्चा भरून येत नाही असे त्यांनी नोंदवले होते.

त्याला एक चकित करणारा पुरावा अलीकडे मिळाला. १९५० ते ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि नंतर हळूहळू ओसरत गेला. त्या वर्षांत शरीरात जे काही बनले त्यावर त्या कार्बनचा जणू तारखेचा शिक्का बसला. २०१६ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतला हा शिक्का वाचला. तिच्यातले कोलॅजन वाढीच्या वयात बनते आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, झिजलेल्या सांध्यातही नाही, असे त्यांना आढळले. पाणी धरणारे ब्रश नवे होत राहतात, जाळे नाही. मी आईला सांगितले, "तुझ्या गुडघ्यातलं जाळं तू शाळेत होतीस तेव्हाचं आहे." ती म्हणाली, "तरीच. लुगडंसुद्धा एवढं टिकत नाही."

मग केंद्रवाले वाढवणार ते काय? हा प्रश्न घेऊन मी आईच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंटाळा न करता सांगितले. कूर्चेच्या खड्ड्याच्या तळाशी, हाडाला तीनचार मिलिमीटरच्या अंतराने बारीक भोके पाडायची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत स्टेडमन यांनी ती १९८० च्या दशकात रुळवली. हाडातला मगज वर येतो, त्यातल्या पेशी खड्डा भरून काढतात. पण त्या जे भरतात ते बहुतांशी तंतुमय कूर्चेसारखे असते. क्रमांक १ चे दोर जास्त, ब्रश कमी. खड्डा भरलेला दिसतो, काही काळ बरेही वाटते, पण काचेच्या जागी दोरखंड बसवल्यासारखे ते होते. पाणी धरून दाब सोसायला ते कमी पडते, आणि काही वर्षांत पुष्कळांचा फायदा ओसरतो.

दुसरी पद्धत स्वतःच्याच पेशी वापरण्याची. १९९४ साली स्वीडनच्या गोटेनबर्गमधून पहिल्या तेवीस रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सांध्यातली थोडी निरोगी कूर्चा काढायची, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात परत सोडायच्या. इथे एक गंमत आहे, जी मला सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटली. ह्या पेशी सपाट बशीत पसरून वाढवल्या की त्या हळूहळू आपली जात विसरतात. चपट्या होतात, आणि क्रमांक २ सोडून क्रमांक १ चे कोलॅजन करू लागतात. त्याच पेशी मऊ जेलीत, चारी बाजूंनी वेढलेल्या ठेवल्या की पुन्हा गोल होतात आणि पुन्हा २ क्रमांकाचे करू लागतात. म्हणजे पेशी द्रव्य घडवते तसे द्रव्यही पेशीला घडवते. म्हणूनच पेशी नुसत्या टोचून काच तयार होत नाही.

"आणि ही पद्धत कोणासाठी?" मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "तरुण माणूस, एकच खड्डा, भोवती चांगली कूर्चा, गुडघा सरळ. खड्ड्याला काठ असेल तर भराव टिकतो. तुमच्या आईचा एक्स-रे बघा." एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि ती फट म्हणजेच कूर्चेची आणि मेनिस्कसची जागा. म्हणून उभे करून फोटो काढायचा, निजून काढला तर फट फसवी रुंद दिसते. आईची आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली होती आणि हाडाच्या कडांना टोके फुटली होती. खड्डा नव्हे, सगळे शेतच धुपलेले. तिथे इंजेक्शनने काच उगवते असे दाखवणारा पुरावा आज नाही, असे डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

गौरक्कांनी सुचवलेल्या पुडीचेही मी विचारून घेतले. ग्लुकोसामाइन आणि कोंड्रॉइटिन, म्हणजे त्या ब्रशाच्या केसांचाच माल. खाल्ला तर केस वाढतील, हा विचार साधा आहे. २००६ साली अमेरिकेत १५८३ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. एकंदर रुग्णांत ह्या औषधांचा गुण पोकळ गोळीहून लक्षणीय जास्त दिसला नाही. गौरक्का म्हणाल्या, त्यांना मात्र फरक पडला. मी वाद घातला नाही.

राहता राहिली वेदना. कूर्चेत मज्जातंतू नाहीत, मग दुखते काय? दुखते ते खालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर आणि भोवतालचे बंध. ही गोष्ट आईला फार आवडली, कारण तिचा अर्थ असा की काच परत आली नाही तरी दुखणे कमी होऊ शकते. डॉक्टरांनी मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम दिला आहे, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा. काठी दिली आहे, ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या हातात धरायची. आई महिनाभर ती उजव्या हातात धरत होती. वजन एक किलो उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, हे ऐकून तिने रात्रीचा भात सोडला आहे. पुढे फारच अडले तर सांधा बदलायचा, तेही तिने ऐकून ठेवले आहे. पाटल्या त्यासाठी राखून ठेवल्यात.

भाच्याला सहा आठवडे कुबड्या होत्या, आणि टाके जुळेपर्यंत काही महिने उकिडवे बसायची बंदी. गणपतीच्या पंक्तीला खाली पाटावर आम्ही सगळे, आणि भिंतीशी दोन खुर्च्यांवर आजी आणि नातू. केंद्रातून त्याच दुपारी पुन्हा फोन आला. आईने घेतला, समोरच्याचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही भरणार ती काचेची की दोऱ्याची?" पलीकडच्या माणसाने, मॅडम, साहेबांना विचारून सांगतो म्हटले. अजून सांगितलेले नाही.